बालदिनाच्या स्पर्धेची बारीक अक्षरं

दिवाळीची गर्दी ओसरत आली की खेळण्यांच्या दुकानांना बालदिनाचे वेध लागतात. १४ नोव्हेंबरच्या आठ-दहा दिवस आधी दुकानाबाहेर फ्लेक्स लागतो, तोच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. गाव बदललं तरी मजकूर साधारण एकच असतो: ‘बालदिनानिमित्त भव्य फोटो स्पर्धा! आपल्या लाडक्या चिमुकल्यांचा सुंदर फोटो पाठवा आणि जिंका आकर्षक बक्षिसे. सर्वाधिक लाइक्स मिळवणारा फोटो विजेता. फोटोसोबत मुलाचे नाव, वय, शाळा व पालकांचा मोबाइल नंबर पाठवावा. आमचे पेज फॉलो करणे व ही पोस्ट शेअर करणे आवश्यक. आलेल्या सर्व फोटोंचे हक्क आमच्याकडे राहतील. आयोजकांचा निर्णय अंतिम. नियम व अटी लागू.’

यात कुणाला काही वावगं दिसत नाही. दुकानदारानं मागच्या वर्षीचा मजकूर तारीख बदलून छापायला दिलेला असतो. पालक ‘आकर्षक बक्षिसे’ एवढंच वाचून फोटो पाठवतात. पण या आठ-नऊ वाक्यांकडे देवाणघेवाण म्हणून पाहिलं, तर हिशेब फारच एकतर्फी दिसतो. दुकानाला मुलाचा चेहरा, नाव, वय, शाळा, आईवडिलांचा नंबर, त्यांच्या ओळखीपाळखीच्या शे-दोनशे माणसांपर्यंतची फुकट जाहिरात आणि फोटोचे कायमचे हक्क मिळतात. मुलाला काय मिळणार ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. माझं म्हणणं असं आहे की अशी स्पर्धा चांगली की वाईट हे दुकानदाराच्या मनातल्या हेतूवर ठरत नाही, जाहिरातीतल्या मजकुरावर ठरतं. तो मजकूर नीट लिहिणं ही दुकानाची जबाबदारी आहे, आणि ते अवघडही नाही.

सुरुवात लाइक्सपासून करू. ‘सर्वाधिक लाइक्स’ हा निकष लावला की स्पर्धा फोटोची राहतच नाही, बापाच्या फोनबुकची होते. ज्याचे काका कारखान्यात युनियनचे पुढारी, ज्याची आई तीन भिशी मंडळांत आणि दोन शाळांच्या ग्रुपवर, त्याचा फोटो जिंकतो. शेवटच्या दोन दिवसांत तर लाइक्स विकत घेण्यापर्यंत मजल जाते. असे लाइक्स ओळखू येतात. रात्री दोन ते चारच्या दरम्यान अचानक तीन-चारशेंची उडी दिसते आणि लाइक देणाऱ्यांच्या नावांत गावातलं एकही आडनाव नसतं. मग हरलेले पालक दुकानात येऊन भांडतात आणि दुकानदार ‘निर्णय अंतिम’कडे बोट दाखवतो. ज्या सहा वर्षांच्या मुलीचा फोटो होता तिला या सगळ्यातून एवढंच कळतं, की आपण कमी लोकांना आवडलो. बालदिनी मुलाला द्यायची ही भेट नव्हे.

शिवाय शेअर करण्याची सक्ती ज्या फेसबुकवर केली जाते, तिथल्या नियमांनाच ती मंजूर नाही. भाग घेण्यासाठी पोस्ट आपल्या टाइमलाइनवर शेअर करा, मित्रांना टॅग करा अशा अटी घालायला फेसबुकच्या जाहिरात-स्पर्धांच्या नियमांत स्पष्ट मनाई आहे. स्पर्धेशी फेसबुकचा काही संबंध नाही, हेही आयोजकानं लिहिलं पाहिजे, असं तेच नियम सांगतात. तक्रार झाली तर पोस्ट, कधी अख्खं पेजच जातं आणि चार वर्षं जमवलेले ग्राहक एका दिवसात हातचे जातात.

दुसरा मुद्दा ‘सुंदर फोटो’चा. ‘आपल्या चिमुकल्यांचा सुंदर फोटो’ असं म्हटलं की लोक मुलाला नटवून पाठवतात. नेहरू जाकीट, कोटाला गुलाब, फेटा, काजळ. परीक्षकासमोर चेहऱ्यांची रांग लागते आणि तो नकळत गोऱ्या-गोबऱ्या मुलाकडे झुकतो. दुकान मात्र खेळण्यांचं आहे. त्याच्याशी नातं सांगणारा विषय मुलाच्या दिसण्याचा नसून त्याच्या खेळण्याचा आहे. ‘खेळात रमलेलं मूल’ एवढा विषय दिला तरी सगळं चित्र पालटतं. मातीनं बरबटलेले हात दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा उभा करताहेत आणि चेहरा फ्रेममध्ये नाहीच, असा फोटोही मग जिंकू शकतो. दोन डबे आणि दोऱ्याचा टेलिफोन कानाला लावून बसलेली बहीण-भावंडं पाठमोरी असली तरी चालतात. अशा फोटोला गुण देणंही सोपं जातं, कारण खेळ किती रंगलाय हे पाहता येतं. नाक किती सरळ आहे याला गुण द्यायचे नसतात.

आता माहितीकडे येऊ. नाव, वय, शाळा आणि मोबाइल नंबर या चार गोष्टी फोटोखाली एकत्र छापल्या की एखाद्या अनोळखी माणसाला शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहून त्या मुलाला नावानं हाक मारता येते. स्पर्धेला यातलं काय लागतं? गट ठरवायला वय लागतं आणि निकाल कळवायला पालकाचा नंबर लागतो. शाळेचं नाव कशालाच लागत नाही. भिंतीवर किंवा पेजवर पहिलं नाव आणि वय पुरतं, आडनावसुद्धा नको. गणवेशातला, खिशावर शाळेचा बिल्ला दिसणारा, मागे सोसायटीच्या नावाची पाटी आलेला फोटो नको, हेही आधीच सांगून टाकावं.

हा निव्वळ सावधपणाचा भाग उरलेला नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिची माहिती वापरायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांना हेरून त्यांच्यावर जाहिराती सोडायला तिथे बंदी आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि संमतीबाबतची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. मुलांच्या माहितीबाबतची जबाबदारी मोडली तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. तालुक्याच्या दुकानदाराला कुणी २०० कोटी मागायला येणार नाही, हे खरं. पण सवय आत्ता लावली तर उद्या धावपळ होणार नाही. दुसरी खूणगाठ अशी, की स्पर्धेसाठी दिलेल्या नंबरवर वर्षभर ‘मेगा सेल’चे मेसेज पाठवायचे असतील तर त्याला वेगळी संमती लागते. स्पर्धेत भाग घेतला म्हणून ती आपोआप मिळत नाही.

फोटो कसा मागवायचा यातही एक गोम आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. चार बाय सहा इंची छापील फोटोला एवढं पुरतं. आठ बाय बारा छापायचा तर चांगल्या छपाईला २४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. म्हणून बरेच आयोजक फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतात. तसा पाठवलेला फोटो मूळ आकारात येतो खरा, पण फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो जिथे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही सोबत येतात. फोटो घरी काढलेला असला की मुलाच्या घराचा नेमका पत्ता दुकानाच्या काउंटरवरच्या फोनमध्ये येऊन बसतो. साधा फोटो पाठवताना ही माहिती गळून पडते. तेव्हा प्रवेशिका साध्या फोटोच्या रूपात घ्यावी आणि मूळ फाइल फक्त बक्षीसपात्र फोटोंची, लोकेशन काढून मागावी. दीडशे घरांचे पत्ते गोळा करून त्यातल्या चार फोटोंची मोठी छपाई करण्यात काही शहाणपण नाही.

सगळ्यात बेफिकिरीनं लिहिलेलं वाक्य म्हणजे ‘सर्व फोटोंचे हक्क आमच्याकडे राहतील’. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस, आणि सर्वसाधारणपणे पहिला मालकही तोच. ही मालकी दुसऱ्याला द्यायची तर मालकाच्या सहीचा लेखी दस्त लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती. म्हणजे फ्लेक्सवरच्या एका ओळीनं दुकान दीडशे फोटोंचं मालक होत नाही. ती ओळ फक्त धाक दाखवते. दिवाळीला स्टुडिओत पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा मामला आणखी निराळा. तिथे वेगळं काही ठरलेलं नसेल तर मालकी पैसे देऊन फोटो काढवून घेणाऱ्याकडे जाते. म्हणून फोटो घरातल्याच माणसानं काढलेला असावा, ही अट सोपी आणि बिनतक्रारीची.

आणि मुलानं स्वतः काढलेला फोटो आला तर? मला विचाराल तर बालदिनाच्या स्पर्धेत निम्मी जागा त्याच फोटोंची असावी. दहा वर्षांची मुलगी जमिनीवर पालथी पडून आपल्या भावाची गाडी टिपते तेव्हा तिच्या नजरेची उंचीच वेगळी असते. पण त्या फोटोची मालकीण ती मुलगी आहे आणि अज्ञान मुलानं केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल असतो. १९०३ सालच्या मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यापासून हे पक्कं आहे. तिच्या वतीनं आईनं किंवा बापानं सही केली पाहिजे. दुकानाला खरं तर मालकीची गरजच नसते. त्याला फोटो महिनाभर भिंतीवर आणि पेजवर दाखवायचा असतो, तेव्हा तेवढ्यापुरती लेखी परवानगी घ्यावी. पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर तोच फोटो वापरायचा असेल तर पालकांना पुन्हा विचारावं. मुलाचा हसरा चेहरा जाहिरातीत वापरणं हे मोलाचं काम आहे आणि त्याचं मोल द्यायला हवं.

राहता राहिलं बक्षीस. ‘आकर्षक बक्षिसे’ म्हणजे काहीच न सांगणं. ‘५,००० रुपयांपर्यंतची खेळणी जिंका’ असं लिहायचं आणि हातात ५०० रुपयांचं कूपन ठेवायचं, तेही २,००० रुपयांच्या खरेदीवरच वटणारं, हा प्रकार नेहमीचा आहे. मूल काउंटरपाशी बक्षिसाला हात लावून उभं असतं आणि बाप पाकीट काढत असतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात: द्यायचं नाही असं मनाशी ठरवून बक्षीस जाहीर करणं, आणि किमतीत वसूल करून ते फुकट असल्याचा भास निर्माण करणं. निकाल दडवणंही त्यातच येतं. ज्या जागी जाहिरात केली तिथेच निकालही ठळकपणे द्यावा, असा त्यामागचा रोख आहे. त्याच व्याख्येत विक्री वाढवण्यासाठी घेतलेली लॉटरी आणि नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळही आहे. ही व्याख्या एवढी रुंद आहे की ‘५०० रुपयांच्या खरेदीवर प्रवेश’ अशी अट घालणारा दुकानदार पायावर धोंडा मारून घेतो. चिठ्ठी उचलून विजेता काढला तर तो लॉटरीच्या आणखी जवळ सरकतो. तेव्हा खरेदीची अट नको, चिठ्ठीही नको. गुण देऊन निवड करावी आणि ते गुण लिहून ठेवावेत.

खेळण्यांच्या दुकानात आणखी एक चूक हटकून होते. पहिल्या बक्षिसाला रिमोटची गाडी ठेवतात आणि जिंकतं दोन वर्षांचं बाळ. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुटे बारीक भाग आणि बटणासारखी बॅटरी असलेलं खेळणं देणं धोक्याचं. म्हणून वस्तू आधी ठरवूच नये. छापील किंमत ठरवून निवड मुलावर सोडावी, आणि काउंटरवरच्या माणसानं वयाला साजेसं तेवढंच पुढे करावं. कारखान्यात बनलेल्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बक्षिसाचं खेळणंही त्याला अपवाद नाही, तेव्हा खोक्यात पडून राहिलेला जुना माल बक्षीस म्हणून खपवता येणार नाही. एकेक बक्षीस १०,००० रुपयांच्या आत ठेवलं की करकपातीची भानगडही टळते.

दुकानदार म्हणेल, एवढ्याशा स्पर्धेला एवढं शास्त्र कशाला? आणि लाइक्स-शेअर काढून टाकले तर दुकानात माणूस येणार कसा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या मजकुरात आहे. तो फ्लेक्सवर मावतो. दुसरा प्रश्न रास्त आहे, कारण दुकानदार धर्मादाय काम करायला बसलेला नाही. पण गर्दी आणायचा सरळ रस्ता आहे. आलेला प्रत्येक फोटो चार बाय सहा छापून दुकानात दोऱ्यावर चिमट्यांनी लावायचा आणि प्रदर्शन उठल्यावर ज्याचा त्याला देऊन टाकायचा. दीडशे प्रती छापायला फ्लेक्सपेक्षा फार जास्त खर्च येत नाही. आपला फोटो भिंतीवर पाहायला मूल येतं, सोबत आई, आजी आणि शेजारची दोन पोरं येतात. लाइक देणारा माणूस बोट लावून पुढे जातो. हे लोक मात्र दुकानात अर्धा तास रेंगाळतात.

तारखाही ध्यानात घ्याव्या लागतात. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि १४ तारीख शनिवारी येते. १० नोव्हेंबर शेवटची तारीख ठेवली तर निम्मं गाव मामाकडे गेलेलं असणार. त्यापेक्षा बालदिनी प्रवेशिका बंद कराव्यात आणि निकाल २२ नोव्हेंबरच्या रविवारी लावावा. सुट्टीतल्या किल्ल्यांचे आणि खेळांचे फोटो त्यात येतील.

या सगळ्यातून माझ्या मते मजकूर असा उतरावा:

‘बालदिन फोटो स्पर्धा २०२६. विषय: खेळात रमलेलं मूल. चेहरा दिसलाच पाहिजे असं नाही. गट दोन: मोठ्यांनी टिपलेला खेळ, आणि ८ ते १५ वर्षांच्या मुलांनी स्वतः टिपलेला खेळ. प्रवेश विनामूल्य, खरेदीची अट नाही. एका मुलाचा एकच फोटो, घरातल्या माणसानं किंवा मुलानं काढलेला, यंदाच्या दिवाळी सुट्टीतला.

फोटो पालकांनी स्वतःच्या नंबरवरून साध्या फोटोच्या रूपात पाठवावा. सोबत मुलाचं पहिलं नाव, वय, गट, फोटोबद्दलची एक ओळ आणि “माझ्या मुलाचा फोटो ३० नोव्हेंबरपर्यंत दुकानात व दुकानाच्या पेजवर लावण्यास परवानगी आहे” असं वाक्य लिहावं. पेजवर नको असेल तर “फक्त दुकानात” लिहावं, निकालावर त्याचा परिणाम होणार नाही. शाळेचं नाव, गणवेश किंवा घराचा पत्ता दिसणारा फोटो नको. मालकी तुमचीच राहील. कधीही सांगा, फोटो काढून टाकू. डिसेंबरअखेर सर्व फोटो आणि नंबर आमच्याकडून पुसले जातील.

शेवटची वेळ: शनिवार १४ नोव्हेंबर, रात्री ८. परीक्षक तीन, दुकानाबाहेरचे. गुण: खेळातला क्षण ५०, फोटोची मांडणी ३०, सोबतची एक ओळ २०. समान गुण पडल्यास बक्षीस दोघांनाही पूर्ण मिळेल. दुकानातले कर्मचारी, परीक्षक आणि त्यांच्या घरचे यांना प्रवेश नाही.

बक्षिसं, प्रत्येक गटात: पहिलं १,५०० रुपये छापील किमतीपर्यंतची, दुसरं १,००० रुपयांपर्यंतची, मुलानं निवडलेली व त्याच्या वयाला योग्य खेळणी. वर काहीही भरावं लागणार नाही. निकाल रविवार २२ नोव्हेंबर, सकाळी ११ वाजता दुकानात आणि त्याच दिवशी पेजवर, गुणांसह. बक्षीस त्याच वेळी, किंवा ३१ डिसेंबरपर्यंत कधीही न्यावं. प्रत्येक सहभागी मुलाला त्याचा छापील फोटो भेट.’

परवानगीचं वाक्य पालकांच्या हातचं असल्यामुळे तो पुरावा व्हॉट्सॲपवरच राहतो. डिसेंबरअखेर हे सगळं पुसायचं असल्यानं वाद काय असेल तो तोवर मिटवून टाकावा. नेटवरून उचललेला फोटो पकडायलाही युक्ती लागत नाही. बक्षीसपात्र पालकांना फोनमधला त्याच वेळचा दुसरा एखादा फोटो दाखवायला सांगायचं. खेळणाऱ्या मुलाचा कुणी एकच फोटो काढत नाही, मागेपुढे पाच-सात असतातच. ज्याच्याकडे दुसरा नाही, त्याच्याकडे पहिलाही नव्हता. बक्षिसांचा सगळा खर्च ५,००० रुपयांत बसतो. समान गुण पडलेच तर हजार-दीड हजार वर जातील, पण भांडण वाचेल.

या मजकुराच्याही मर्यादा आहेत. दुकानात लावलेल्या फोटोचा कुणी फोनवर फोटो काढून नेला तर तो आयोजकाच्या हाताबाहेरचा. ‘पडताळता येईल अशी संमती’ या शब्दांचा अर्थ लहान दुकानापुरता नेमका कसा लागेल, हे नियम पूर्ण लागू झाल्यावरच स्पष्ट होईल. पण कमी मागणं, थोड्या दिवसांपुरतं मागणं आणि काय देणार ते आकड्यात लिहिणं या तीन गोष्टी कुठल्याही अर्थानं चुकीच्या ठरणार नाहीत.

पालकांना शेवटी एवढंच सांगायचं आहे. यंदा अशी जाहिरात हाती आली तर फोटो पाठवण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: बक्षीस नेमकं काय आहे, निकाल कोण आणि कशावरून लावणार, आणि फोटो कधी पुसणार. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर खुशाल भाग घ्या. नाहीतर फोटो घरातच राहू द्या आणि मुलाला खेळू द्या.